एस्किमोंच्या भाषेत बर्फाला खरंच चारशे शब्द आहेत का?

शेवग्याची_शेंग
नमस्कार मंडळी. पहिल्यांदाच धागा काढतेय, सांभाळून घ्या.

माझी भाची नववीत आहे. शाळेत वक्तृत्व स्पर्धा आहे आणि विषय आहे ‘भाषा आणि परिसर’. बाईसाहेबांच्या भाषणाची सुरुवातच अशी आहे : “एस्किमो लोकांच्या भाषेत बर्फासाठी चारशे शब्द आहेत!” मी कॉलेजात असताना हा आकडा पन्नास होता. तिचे आजोबा म्हणतात त्यांनी शंभर ऐकलाय. आकडा कांद्याच्या भावासारखा वरखाली होतोय म्हटल्यावर मला शंका आली. थोडं शोधलं तर कुणीतरी लिहिलंय की त्या भाषेत अख्खं वाक्यच एका शब्दात मावतं, त्यामुळे मोजण्यात काही अर्थच नाही.

म्हणजे नेमकं काय? एवढे लांब शब्द बनतात तरी कसे? आणि भाचीने शेवटी म्हणायचं काय? स्पर्धा पुढच्या बुधवारी आहे.

ताकभात
चारशे शब्द लागतात कारण तिकडे दुसरं काही दिसतच नाही. आमच्या ऑफिसात ‘उद्या करतो’ला तेवढेच आहेत. (दिवे घ्या)

दुपारचा_चहा
ही शुद्ध थाप आहे. १९११ साली फ्रान्झ बोआस नावाच्या मानववंशशास्त्रज्ञाने चार शब्द दिले होते. पुढे व्होर्फ नावाच्या एका विमा कंपनीतल्या माणसाने १९४० च्या लेखात त्यात भर घातली आणि मग प्रत्येकाने पदरचे वाढवले. १९८४ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सच्या अग्रलेखात शंभर झाले होते. १९८६ मध्ये लॉरा मार्टिन यांनी हा सगळा प्रवास मागे जाऊन तपासला. खरे शब्द दोनच, एक पडणाऱ्या बर्फाला, एक पडलेल्या. भाचीला सांगा, पहिलं वाक्य खोडून टाक.

हवालदार_निवृत्त
मी सियाचेनला दोन हिवाळे काढले आहेत. बर्फ चार प्रकारचा असतो हे मी स्वतः सांगू शकतो. ताजा पडलेला भुसभुशीत, त्यात कंबरेपर्यंत माणूस जातो. वाऱ्याने दाबून कडक झालेला, त्यावर बूट वाजतो. वरून कडक आणि आतून पोकळ, हा सगळ्यात फसवा. आणि तळाशी साखरेसारखा सुटा दाणेदार, मुठीत दाबला तरी गोळा होत नाही. हा तळाचा थर असला की वरचा सगळा उतार घसरायला टपलेला असतो. आम्ही खड्डा खणून बघायचो. भाचीला हे सांगा, कागदावरचे शब्द मोजून काय मिळणार?

शेवग्याची_शेंग
हवालदारसाहेब, माहिती भारीच आहे, पण प्रश्न प्रकारांचा नव्हता, शब्दांचा होता. :)

निळी_शाई
हवालदारसाहेबांचं पोस्ट विषयाला धरूनच आहे, गंमत म्हणजे. तो तळाचा साखरेसारखा थर आहे ना, त्याला उत्तर अलास्का आणि कॅनडातले इनुइट ‘पुकाक’ म्हणतात. जमिनीजवळ ऊब आणि वर थंडी, त्यामुळे खालचा बर्फ वाफ होऊन पुन्हा दाण्यांच्या रूपात जमतो. हिमशास्त्रावर काम करणाऱ्यांनी तो शब्द तसाच उचलला, कारण त्यांच्याकडे एका शब्दात सांगायची सोय नव्हती. तसाच ‘काली’ म्हणजे झाडांच्या फांद्यांवर साचलेला बर्फ. म्हणजे ‘दोनच शब्द’ हेही खरं नाही.

कोपनहेगनला असताना मी दोन सत्रं ग्रीनलँडिक शिकले होते. बोलता येत नाही, पण शब्द कसा उघडायचा ते शिकवलं होतं. वेळ मिळाला की रात्री सविस्तर लिहिते.

भूर्जपत्र
मी संस्कृतचा निवृत्त शिक्षक. यात आश्चर्य ते काय? आपल्याकडे समास आहेत. बाणभट्टाची कादंबरी उघडा, अर्ध्या अर्ध्या पानाचा एकेक समास मिळेल. एस्किमो लोकही बर्फ + पडणे + मऊ + काल असे शब्द एकमेकांना चिकटवत असणार. जर्मनही हेच करतात.

ताकभात
गुरुजी, ‘काल’ चिकटवायची गरज नाही, तिकडे कालही बर्फच होता.

टंकमोड
गणिताच्या बाजूने बघू. शब्दाच्या मागे तीन जागा आहेत आणि प्रत्येक जागेत दहा पर्याय आहेत असं धरलं, तर एका मुळापासून हजार शब्द होतात. पाच जागा असतील तर लाख. मग चारशे हा आकडा उलट कमीच नाही का? भाचीला सांगा, चारशे नाही, अगणित म्हण.

निळी_शाई
आले. चहा घेऊन बसा, थोडं लांब आहे.

भूर्जपत्र सर, समास नाही हो. तिथेच खरी गंमत आहे. समासात दोन स्वतंत्र शब्द जवळ येतात, ‘राज’ आणि ‘पुत्र’ दोघंही एरवी एकटे फिरू शकतात. इनुइट भाषांमध्ये एका शब्दात मूळ शब्द एकच असतो आणि तो सगळ्यात पुढे बसतो. त्यामागे जे येतं ते सगळे प्रत्यय. ते एकटे कधीच उभे राहू शकत नाहीत. ग्रीनलँडिकमध्ये असे प्रत्यय चारशेच्या वर आहेत.

नवल हे की आपल्याकडे जी कामं पूर्ण क्रियापदं करतात ती तिकडे प्रत्यय करतात. ‘असणे, जवळ असणे’ हा एक प्रत्यय आहे. ‘बांधणे, बनवणे’ हाही प्रत्यय. ‘पिणे-खाणे’ हासुद्धा. कॉफीला त्यांनी डॅनिश लोकांकडून ‘काफ्फी’ शब्द घेतला. ‘काफ्फिलिओर्पोक’ म्हणजे तो कॉफी बनवतो. ‘काफ्फिसोर्पोक’ म्हणजे तो कॉफी पितो. ‘काफ्फिसोरुसुप्पुङा’ म्हणजे मला कॉफी प्यायची इच्छा आहे. काफ्फी, मग पिणे, मग इच्छा, मग मी. ‘मला’ सगळ्यात शेवटी येतं. परक्या भाषेतला शब्दही लगेच या यंत्रात जातो.

आता बर्फ. जमिनीवर पडलेल्या बर्फाला ‘आपुत’. त्याला ‘असणे’चा प्रत्यय लावला की ‘आपुतेकार्पोक’, म्हणजे बर्फ आहे. भविष्यकाळ घातला की ‘आपुतेकास्साक’, बर्फ असेल. नकार घातला की ‘आपुतेकाङ्ङिलाक’, बर्फ नाही. (‘ङ’ हा आपल्या वाङ्मयातला, आणि शेवटचा ‘क’ पार घशातून, उर्दूतल्या कलमसारखा.)

आता मला सांगा, ‘बर्फ नाही’ हा बर्फाचा शब्द म्हणून मोजायचा का?

दुपारचा_चहा
हेच तर मी म्हणतोय. मोजायचे ते मूळ शब्द, आणि ते दोन.

निळी_शाई
नाही ना. दोन हे एका जुन्या ग्रीनलँडिक शब्दकोशावरून निघालेलं उत्तर आहे. एक कोश, एक बोली. ‘एस्किमो भाषा’ अशी एक भाषा नाहीच. ग्रीनलंड, कॅनडा आणि उत्तर अलास्कातल्या इनुइट भाषा वेगळ्या आणि दक्षिण-पश्चिम अलास्कातल्या युपिक वेगळ्या. युपिक लोक स्वतःला इनुइट म्हणवत नाहीत. मध्य अलास्कातल्या युपिकचा शब्दकोश घेऊन अँथनी वुडबरी यांनी १९९१ मध्ये मोजणी केली तेव्हा साधारण पंधरा निघाले. त्यात पाण्यावर तरंगणाऱ्या बर्फाला वेगळा शब्द होता, मऊ आणि खोल बर्फाला वेगळा, कोसळायला आलेल्या कड्याला वेगळा. पंधरा म्हणजे दोनही नाही आणि चारशेही नाही.

आणि बोआसबद्दल. तो १८८३-८४ मध्ये बॅफिन बेटावर इनुइट लोकांबरोबर राहिला होता, ऐकीव बोलत नव्हता. त्याने दिलेले चार म्हणजे आपुत (जमिनीवरचा), काना (पडणारा), पिक्सिरपोक (वाऱ्याने उडणारा) आणि किमुक्सुक (वाऱ्याने साचलेला ढीग). पण त्याचा मुद्दा ‘किती’ हा नव्हताच. त्याने शेजारी इंग्रजीतलं पाणी ठेवलं होतं. सरोवर, नदी, ओढा, पाऊस, दव, लाट, फेस, सगळं पाणीच, पण इंग्रजीत प्रत्येकाचं मूळ वेगळं. ते एकाच ‘पाणी’ला प्रत्यय लावूनही करता आलं असतं. म्हणजे कोणती भाषा कुठे नवं मूळ खर्च करते आणि कुठे प्रत्ययावर भागवते, एवढंच तो दाखवत होता. पुढच्यांनी उदाहरण उचललं आणि मुद्दा तिथेच सोडला.

द्राक्षबाग
निफाडहून. मराठीत उलट अडचण आहे. बर्फ म्हणजे फ्रीजमधला पण बर्फ आणि काश्मीरचा पण बर्फ. ‘हिम’ फक्त पेपरात. पण आम्हाला काम पडतं तिथे शब्द आहेत बघा. दव वेगळं, दहिवर वेगळं, धुकं वेगळं, गारा वेगळ्या. डिसेंबरात पारा उतरला आणि पानावर दव गोठलं की रात्रभर बागेत शेकोट्या. ज्याची बाग असते तो शब्द शिकतो. तुमचा पुकाक तसाच ना?

निळी_शाई
अगदी तसाच. आणि इनुइट लोकांमध्येही शहरात वाढलेल्या मुलाला पुकाक ठाऊक असेलच असं नाही.

मिरगाचा_पाऊस
मराठी पावसाची यादी करूया का? वळीव, झड, शिरवा, रिमझिम, भुरभुर, पिरपिर, मुसळधार, अवकाळी...

ताकभात
...आणि ‘ट्रॅकवर पाणी साचल्याने’.

मिरगाचा_पाऊस
तुम्ही गप्प बसा हो. :D

भूर्जपत्र
निळी_शाई, समास नाही हे मान्य. एकच धातू आणि मागे प्रत्ययांची रांग म्हणजे हे तद्धित आणि कृदन्ताच्या अंगाने जाणारं प्रकरण दिसतं. पण मग सांध्यावर संधी होते का? आणि क्रम ठरलेला असतो की बोलणाऱ्याच्या मनावर?

निळी_शाई
सर, दोन्ही प्रश्न नेमके. कॅनडातल्या इनुक्टिटुटमधलं एक उदाहरण घेते, हवालदारसाहेबांसाठी खास. ‘मला अजिबात नीट ऐकू येत नाही’ :

तुसात्सिआरुन्नाङ्ङित्तुआलूयुङा

मूळ ‘तुसा’ म्हणजे ऐकणे. त्यामागे ‘त्सिआक’ म्हणजे नीट, ‘युन्नाक’ म्हणजे जमणे, ‘ङ्ङित’ म्हणजे नाही, ‘तुआलू’ म्हणजे फार, आणि ‘युङा’ म्हणजे मी. आता सांधे बघा. ‘त्सिआक’चा शेवटचा क आणि ‘युन्नाक’चा पहिला य एकत्र आले की दोन्ही जाऊन ‘र’ येतो, म्हणून ‘त्सिआरुन्नाक’. पुढे ‘ङ्ङित’ आला की ‘युन्नाक’चा क गळून पडतो. सुटे तुकडे नुसते रांगेत ठेवले तर तो शब्द होत नाही. हे नियम जिभेवर बसायला मला एक सत्र लागलं आणि तरी परीक्षेत सांधाच चुकला.

क्रम मनावर नसतो. प्रत्येक प्रत्यय त्याच्या डावीकडे जे तयार झालंय त्या सगळ्यावर काम करतो. युपिकमध्ये ‘युक’ म्हणजे माणूस. त्याला आधी ‘मोठा’ आणि मग ‘छोटा’ लावलं तर अर्थ होतो छोटासा राक्षस. आधी ‘छोटा’ आणि मग ‘मोठा’ लावलं तर मोठा बुटका. तुकडे तेच, माणूस वेगळा.

टंकमोड, म्हणून तुमचा दहा गुणिले दहा हिशेब कागदावर बरोबर पण बोलण्यात लंगडा. सगळ्या जोड्या जमत नाहीत, आणि जमल्या तरी ऐकणाऱ्याला झेपायला हव्यात. रोजच्या बोलण्यात शब्दाला दोन-चार प्रत्यय असतात. वरचा तुसावाला शब्द पुस्तकांना आवडतो, पण लोक शब्दामागून शब्द ठेवून वाक्यंही बोलतातच.

हवालदार_निवृत्त
तोफखान्यात होतो. डावा कान गेलाय. हा शब्द वहीत लिहून ठेवला, घरच्यांना ऐकवतो. एका शब्दात उत्तर दिलं म्हणून भांडण तरी होणार नाही.

टंकमोड
मान्य, जोड्या गाळल्या. पण तरी मर्यादा अशी नाहीच ना? म्हणजे शब्दकोशात काय टाकायचं हा प्रश्न उरतोच. ‘बर्फ नाही’ टाकायचा नाही हे पटलं. का नाही, ते नियम म्हणून सांगा. तुम्हाला पटत नाही म्हणून नको.

निळी_शाई
चांगला प्रश्न. मला जी कसोटी शिकवली ती सांगते. शब्द उघडा, तुकड्यांचे अर्थ जोडा. जोडून जो अर्थ येतो तोच पूर्ण शब्दाचा अर्थ असेल तर कोशात ठेवायची गरज नाही, ऐकणारा तिथल्या तिथे बनवून घेतो. जोडून आलेला अर्थ आणि वापरातला अर्थ वेगळा असेल तर तो पाठच करावा लागतो, म्हणजे कोशात गेला.

ग्रीनलँडिकमध्ये विमानाला ‘तिम्मिसार्तोक’ म्हणतात. तिम्मि म्हणजे उडणे, सार म्हणजे नेहमी करणे, तोक म्हणजे करणारा. नेहमी उडणारं ते. पण कावळाही नेहमी उडतो, त्याला तिम्मिसार्तोक म्हणत नाहीत. पक्ष्याला ‘तिम्मिआक’ आहे, त्याच मुळापासूनचा दुसरा. दोन्ही पाठ करावे लागतात, म्हणून दोन्ही मोजायचे. संगणकाला ‘कारासासिआक’ म्हणतात, मेंदूची नक्कल. तोही मोजायचा.

मराठीत बघा. ‘लाटणं’ हे लाट + णं आहे, पण ते पोळपाटावरचं लाकूडही आहे. ‘बोलणं’ हेही तसंच बनतं, पण बोलायचं काही अवजार नसतं. ‘खेळणं’ म्हणजे खेळण्याची क्रियाही आणि बाहुलीही. लाटणं कोशात वेगळं द्यावंच लागतं. ‘बोलतानासुद्धा’ कोण देईल?

दुपारचा_चहा
मग झालं की. याच कसोटीने तुमचे पंधरा कमी होतील किंवा वाढतील. ‘मुळं मोजा’ हा माझा नियम निदान स्वच्छ आहे. तुमच्या कसोटीत ‘अर्थ वेगळा झाला’ हे ठरवणार कोण?

निळी_शाई
तुमचा नियम स्वच्छ आहे, पण त्याने विमान आणि पक्षी मिळून एकच शब्द होतो. माझा मळका आहे हे कबूल. सीमेवरचे शब्द असतातच. इनुक्टिटुटमध्ये ‘इग्लू’ म्हणजे कुठलंही घर, लाकडाचंसुद्धा. बर्फाच्या घराला ‘इग्लुविगाक’, जो इग्लूपासूनच बनलाय. तो बर्फाचा शब्द का? घराचा का? मोजणारे दोघं बसले की दोन आकडे येतात. इगोर क्रुप्निक यांनी २०१० च्या सुमारास पुन्हा मोजणी केली तेव्हा त्यांनी बोआसची बाजू घेतली, की इनुइट-युपिक भाषांत बर्फाचे शब्द खरंच पुष्कळ आहेत. मार्टिनबाईंची मोजणी आणि ही एका पानावर येत नाहीत.

दुपारचा_चहा
म्हणजे थाप म्हणणं थोडं जास्त झालं. ‘दोन’ मी मागे घेतो. ‘चारशे’ मात्र नाही, आणि ‘पुष्कळ’वरसुद्धा मला शंका आहे. मासे पकडणाऱ्याच्या भाषेत माशांचे शब्द पुष्कळ असतात, यात भाषेचं वेगळं काय?

मिरगाचा_पाऊस
+१. आमच्या मालवणात बांगडा मोठा झाला की... जाऊदे, वेगळा धागा काढते.

भूर्जपत्र
एक मराठी शब्द माझ्याकडूनही, तुमच्या रांगेत बसतो का सांगा. ‘घरासमोरच्यांनीसुद्धा’. घर, आ, समोर, च्या, नी, सुद्धा. मूळ एकच, मागे पाच तुकडे. शाळेत मुलांना हा एका दमात लिहायला लावायचो, निम्मी मुलं तोडून लिहायची.

निळी_शाई
सर, छान आहे. पण ‘समोर’ आणि ‘सुद्धा’ दोघंही बाहेर एकटे दिसतात. ‘समोर ये’ म्हणता येतं. ग्रीनलँडिकमधलं ‘कार’ (असणे) कधीच एकटं येत नाही. शेजार आहे, सख्खं नातं नाही.

भूर्जपत्र
‘च्या’ आणि ‘नी’ एकटे दाखवा बरं. ;)

निळी_शाई
पकडलंत. त्या दोघांपुरतं मान्य.

शेवग्याची_शेंग
सगळ्यांचे आभार. भाचीला अख्खा धागा वाचायला दिला. तिने पहिलं वाक्य खोडलं, पण मला वाटलं होतं तसं नाही. आता सुरुवात अशी आहे : “ग्रीनलंडच्या भाषेत ‘बर्फ नाही’ हा एकच शब्द आहे.” मग थांबते आणि तो शब्द म्हणते. घशातला क तिला माझ्यापेक्षा चांगला जमतो. हवालदारसाहेबांचा साखरेचा थर आणि पुकाकही घेतलाय, दोन मिनिटं त्यातच जातात. आकडा एकही नाही. बाई म्हणाल्या, श्रोत्यांना आकडे आवडतात, एखादा घाल. तर ‘पंधरा’ घालावा का, यावर घरात वाद चालू आहे.

टंकमोड
‘एका भाषेच्या एका शब्दकोशात साधारण पंधरा’ असं म्हणायला सांगा. तेवढं लांब म्हटलं की बाईही पुन्हा आकडा मागणार नाहीत.

ताकभात
नागपुरातून बोलतोय, पारा ४५. आपुतेकाङ्ङिलाक. आणि निळी_शाई, ‘असेल’वाला पण पाठ करून ठेवलाय, फ्रीज दुरुस्तीला दिलाय.